मेच्या सुट्टीत देवमासा दिसेल का?

«आम्ही खानापूरजवळचे. घरात आम्ही दोघं, 12 वर्षांची मुलगी, 7 वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांची आई. मेच्या सुट्टीत मालवणला जाऊन मुलांना डॉल्फिन आणि जमलं तर देवमासा दाखवायचा बेत आहे. एका होडीवाल्याने फोनवर शंभर टक्के गॅरंटी दिली, दिसला नाही तर पैसे परत. पण मुलीने कुठेतरी बघितलं की होड्या डॉल्फिनच्या मागे लागतात, तेव्हापासून ती म्हणते, तसं असेल तर मी येत नाही. आईला होडीची भीती, बायकोला तर घाटातच उलट्या होतात. सुट्टी फक्त मेमध्ये. गॅरंटीवाल्याकडे पैसे भरू, गोव्याला जाऊ, की बेतच सोडून देऊ?»
एक वाचक, खानापूर तालुका

नमस्कार,

बेत सोडू नका. पण त्या गॅरंटीवाल्याला पैसे भरण्याआधी एक गोष्ट बघू. तुमच्या मुलीची शंका आणि होडीवाल्याची गॅरंटी या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

डॉल्फिन मोकळ्या समुद्रात फिरणारं जनावर आहे. त्याची खात्री कुणी कशी देईल? देणारा देतो, पण नाही दिसला तर नुकसान त्याचं होणार असतं. मग तो काय करतो? डिझेल जाळत सगळी खाडी पालथी घालतो. कुणाला एक पाठ दिसली की फोनवरून बाकीच्यांना कळवतो आणि 10 मिनिटांत सहा-सात होड्या तिथे जमतात. डॉल्फिन बुडाला की तो पुढे जिथे वर येईल असा अंदाज असतो, तिथे होडी आडवी घालतो, कारण माणशी पैसे घेतलेत आणि फेरी 40 मिनिटांत संपवून पुढची माणसं घ्यायचीत. तो माणूस वाईट असतो असं नाही. पैसे «दिसण्याचे» ठरले की पाठलाग आपोआप आला. म्हणून पहिला बदल सौद्यात करा. पैसे वेळेचे द्या, दिसण्याचे नव्हे. फोनवर स्पष्ट सांगा की आम्हाला अख्खी होडी दोन तासांसाठी हवी, डॉल्फिन दिसले नाहीत तरी पूर्ण पैसे देऊ, पण दिसले तर लांब थांबायचं. या एका वाक्यावर समोरचा काय म्हणतो त्यावरून निम्मी निवड होते. जो म्हणेल «लांबून काय दिसणार, अगदी जवळ नेतो», त्याला नको म्हणा. जो विचारेल «दोन तास थांबायचंय ना, मग सकाळी लवकर या, वारा सुटायच्या आत परत यायला हवं», त्याला समुद्र कळतो.

देवमाशाची आशा मात्र या सहलीपुरती बाजूला ठेवा. मालवणसमोर समुद्राचं उथळ पठार सुमारे 100 किलोमीटर आत जातं आणि त्यानंतर पाणी एकदम खोल होतं. मोठे देवमासे बहुतेक त्या काठाच्या आसपास असतात. 2015 साली कुणकेश्वरसमोर अभ्यासकांना निळे देवमासे दिसले होते, म्हणजे ते येत नाहीत असं नाही. पण दोन तासांच्या होडीत त्यांचा हिशेब धरता येत नाही. ठरवून देवमासाच बघायचा असेल तर श्रीलंकेतलं मिरिसा गाठावं लागतं. तिथे खोल पाणी किनाऱ्यापासून जवळच आहे आणि डिसेंबर ते एप्रिल हा हंगाम असतो. तो पुढच्या कधीतरीचा, वेगळ्या खर्चाचा बेत झाला.

मालवणला जे दिसतात ते पाठीवर कुबड असलेले डॉल्फिन. तिकडचे मच्छीमार त्यांना गादा म्हणतात. हा प्राणी किनारा सोडून फारसा जात नाही. साधारण 20 मीटरपेक्षा कमी खोलीचं पाणी, खाडीचं मुख, खडकांची कड, हाच त्याचा टापू. तो बाराही महिने तिथेच असतो. त्यामुळे «डॉल्फिनचा सीझन कधी असतो» हा प्रश्न थोडा फिरवून विचारायला हवा. हंगाम समुद्राचा असतो, आपल्या डोळ्यांचा असतो. पाणी शांत असेल तर अर्ध्या किलोमीटरवरची पाठ दिसते, लाटांवर पांढरे फेस उठायला लागले की 50 मीटरवरचीही हुकते.

आता मेबद्दल. नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत समुद्र सगळ्यात विश्वासाचा असतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाट शांत, पण दुपारचा वारा जोराचा. मेमध्ये नैऋत्येकडच्या लांब लाटा यायला लागतात, अरबी समुद्रात वादळ उठायची भीती असते (मे 2021 चं तौक्ते याच किनाऱ्याजवळून गेलं) आणि शेवटच्या आठवड्यात पावसाळ्यासाठी प्रवासी होड्या बंदच होतात. शिवाय मे म्हणजे मालवणात माणसांचा पूर, आणि माणसांचा पूर म्हणजे एका डॉल्फिनमागे होड्यांची रांग.

पण सुट्टी खरंच फक्त मेमध्ये आहे का? आपण कर्नाटकात राहतो. आपल्याकडच्या शाळांना, मराठी माध्यमाच्याही, साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते. महाराष्ट्रातल्या शाळा तेव्हा बहुधा चालू असतात, मुलांच्या परीक्षा असतात. म्हणजे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, तोही मंगळवार ते गुरुवार असा, मालवणचा समुद्र आपल्या सीमाभागातल्या माणसांना जवळजवळ मोकळा मिळतो. तुमच्या कामावरून चार दिवस मोकळे करता येत असतील तर मेऐवजी हेच दिवस धरा. ज्यांना मुलांची शाळा एक दिवस बुडवायला हरकत नाही त्यांनी संक्रांतीच्या आसपासची सुट्टी जोडून घ्यावी. दसऱ्याच्या सुट्टीतही जाता येतं, पण पावसाळ्याची लाट पूर्ण बसलेली नसते, पाणी गढूळ असतं, म्हणून मी ती तिसऱ्या नंबरला ठेवेन.

गोव्याचं म्हणाल तर चोर्ल्यातून जवळ पडतं हे खरं. पण सिकेरी, कोको बीच या मांडवीच्या मुखाकडच्या भागात फेऱ्या फार. तुमच्या मुलीने जे बघितलं ते तिथे बघायला मिळण्याची शक्यता जास्त. कारवारचा पर्यायही आहे, काळी नदीच्या मुखाशी हेच डॉल्फिन असतात. फक्त एक सावधगिरी. देवबाग नावाचं ठिकाण मालवणजवळ कर्ली नदीच्या मुखाशी आहे आणि कारवारलाही आहे. नुसतं «देवबागला रूम» असं शोधून बुकिंग करू नका, गावाबरोबर जिल्हा बघा.

आता दिवस आणि वेळ कशी ठरवायची ते सांगतो. थोडं मन लावून वाचा, कारण बहुतेक फेऱ्या इथेच फसतात.

रात्री जमीन थंड होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. तो हलका असतो आणि किनाऱ्याजवळच्या पाण्यावर लाट उठवायला त्याला जागाच मिळत नाही. ऊन चढलं की जमीन तापते आणि उलटा, समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. एप्रिलमध्ये 10-11 च्या पुढे तो जाणवायला लागतो आणि दुपारी पाणी पार खवळलेलं असतं. दोघांच्या मध्ये सकाळी वारा पडतो, समुद्र तेलासारखा गुळगुळीत होतो. त्या दोन-तीन तासांत होडीत असलं पाहिजे. आणखी एक फायदा म्हणजे सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी, पूर्वेला असतो आणि तुम्ही पश्चिमेकडे बघता, त्यामुळे पाण्याची चमक डोळ्यांवर येत नाही. संध्याकाळची «सनसेट डॉल्फिन» फेरी फोटोला छान वाटते, पण तिच्यात वारा आणि चमक दोन्ही विरुद्ध असतात.

आदल्या रात्री मोबाईलवर तीन आकडे बघा. वाऱ्याचा वेग, लाटेची उंची आणि लाटेचा कालावधी, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते ते. हैदराबादची समुद्र माहिती संस्था incois.gov.in वर हे किनाऱ्यानुसार देते. सकाळचा वारा ताशी 10 किलोमीटरच्या आत असेल तर उत्तम. 15 च्या पुढे गेला की फेस दिसायला लागतो आणि शोधणं अवघड होतं. 20 ला फेरी रद्द करा. लाट एक मीटरच्या आत हवी. तिसरा आकडा लोक बघतच नाहीत. उंची कमी पण कालावधी 14 सेकंदांच्या वर असेल तर ती लांबून आलेली लाट असते. भर समुद्रात ती होडीला फक्त हळू वर-खाली करते, कळतही नाही. पण नदीच्या मुखाशी वाळूचा बांध असतो, तिथे पाणी उथळ होतं आणि तीच लाट उभी राहून फुटते. तिथेच होडीला धोका असतो.

यावरून भरती-ओहोटीचा मुद्दा येतो. देवबागहून होडीत बसलात तर कर्लीच्या मुखातून बाहेर पडावं लागतं. ओहोटीला नदीचं पाणी समुद्राकडे धावतं आणि समोरून लाट येते, दोघांची टक्कर होऊन लाट आणखी उभी होते. वर बांधावर पाणीही कमी. भरतीला पाणी आणि लाट एकाच दिशेने जातात, खोलीही वाढते. म्हणून जाणं-येणं भरतीत बसवायचं. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीला तीनने गुणून चारने भागायचं, पूर्ण भरतीची वेळ मिळते. तो मुंबईकडे चपखल बसतो. मालवणकडे भरती थोडी आधी येते, तासाभराचा फरक धरा.

समजा कॅलेंडरवर बुधवारी द्वादशी आहे. 12 गुणिले 3 म्हणजे 36, भागिले 4 म्हणजे 9. मालवणला पूर्ण भरती 8 च्या सुमारास. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, म्हणजे रात्री 2 वाजता संपली आणि तेव्हापासून पाणी चढतंय. तुम्ही पावणेसातला निघालात तर भरतीवर बाहेर पडाल, पावणेनऊला परत आलात तर बांधावर भरपूर पाणी असेल, आणि खारा वारा अजून सुटलेला नसेल. तिन्ही गोष्टी एका सकाळी जुळल्या. आता हाच हिशेब पंचमीला करा. 5 गुणिले 3, भागिले 4, म्हणजे पावणेचार. मालवणला पावणेतीन. तुम्ही पावणेसातला निघाल तेव्हा ओहोटीचा जोर असेल आणि परत याल तेव्हा पाणी सगळ्यात खाली गेलेलं असेल. समुद्र शांत असेल तर तरीही चालतं, पण लांब लाट असेल त्या दिवशी पंचमीला मुखातून जायचं नाही. थोडक्यात, शुद्ध असो वा वद्य, एकादशी ते चतुर्दशी या तिथी सकाळच्या फेरीला सोयीच्या. एप्रिलच्या त्या आठवड्यांत अशा तिथी मंगळवार-बुधवारी येतात का ते घरच्या कॅलेंडरवर आत्ताच बघून ठेवा. येत नसतील तर मालवण जेटीवरून बसा, तिथे नदीचं मुख ओलांडावं लागत नाही. आईंनाही जेटीवरून चढणं वाळूतून लाटेत चढण्यापेक्षा सोपं.

होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेट हा फक्त नियमाचा भाग समजू नका. मे 2022 मध्ये तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला होता. मुलाला जॅकेट घातल्यावर सगळे बकल लावा आणि त्याच्या खांद्यावर जॅकेटचे दोन्ही पट्टे धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात ते वर येईल आणि मूल खालून निसटेल. 7 वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाचं जॅकेट आवळून चालत नाही. लहान मापाचं आहे का ते फोनवरच विचारा. होडीवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसं घ्यायची ते लिहिलेलं असतं, ते एकदा वाचा.

बायकोच्या उलट्यांचं कारण अर्धं आंबोलीच्या घाटात आहे. आपल्याकडची माणसं हमखास एक चूक करतात. पहाटे 2 वाजता बेळगाव सोडायचं, घाटाची वळणं उतरायची, वाटेत मिसळ खायची आणि 8 ला होडीत बसायचं. पोट आधीच ढवळलेलं असतं. आदल्या दिवशी दुपारपर्यंत मालवण गाठा, रात्री झोप घ्या. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून असणारी गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, आणि ती होडीत बसल्यावर नव्हे, निघण्याच्या तासभर आधी. सकाळी रिकाम्या पोटी जाऊ नये, तेलकटही नको. चपाती, केळं, बिस्किटं एवढं पुरतं. बेळगावचा कुंदा बरोबर न्याल तर तो परत आल्यावर उघडा. होडीत मध्यापासून थोडं मागे बसायचं, पुढचं टोक सगळ्यात जास्त आपटतं. मोबाईलमध्ये डोकं घालायचं नाही, नजर क्षितिजावर ठेवायची. डॉल्फिन शोधणाऱ्या माणसाला मळमळ कमी होते, कारण तो आपोआप लांब बघत असतो.

आईंना होडीत बसायचा आग्रह करू नका. त्यांच्यासाठी, आणि खरं तर तुम्हा सगळ्यांसाठी, पहिली फेरी जमिनीवरूनच करा. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मध्ये निवतीचा किल्ला आहे, समुद्राला लागून उंचावर. चढ फार मोठा नाही. गुडघ्यांना झेपत नसेल तर किनाऱ्यावरची कुठलीही उंच, सावलीची जागा चालते. 8 पट मोठं दाखवणारी दुर्बीण घ्या, त्यापेक्षा जास्त ताकदीची हातात थरथरते. सकाळी 7 ते 9 तिथे बसा. उंचावरून पाण्याचा मोठा पट्टा एका नजरेत येतो आणि तुमच्यामुळे कुठल्याही डॉल्फिनला त्रास होत नाही. मुलीची अट इथे शंभर टक्के पाळली जाते.

बघायचं कसं? समुद्राकडे नुसतं टक लावून उपयोग नाही. समोरचं पाणी घड्याळासारखं वाटून घ्या. होडीचं टोक म्हणजे 12, उजवा हात 3, डावा 9. प्रत्येकाला एक तुकडा द्या, त्यानेच तो डावीकडून उजवीकडे सावकाश चाळायचा. आधी पक्षी बघा. कुरव पक्षी एका जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारत असतील तर खाली माशांचा थवा आहे आणि त्या थव्यामागे डॉल्फिन असू शकतात. दिसला की «तिकडे, तिकडे» न ओरडता «दोन वाजता» म्हणायचं, सगळ्यांच्या माना एका दिशेला वळतात.

मुलांना आधीच सांगून ठेवा की टीव्हीवरचा उड्या मारणारा डॉल्फिन हा नव्हे. आपला गादा लाजाळू आहे. आधी लांब तोंड तिरपं वर येतं, श्वास सोडल्याचा फुस्स आवाज होतो, मग करड्या पाठीचा उंचवटा आणि त्यावर बसवल्यासारखा छोटा पंख दिसतो, आणि पाठ कमान करून खाली जाते. सगळं दोन-तीन सेकंदांत. लगेच पुन्हा वर येईल, मिनिट-दोन मिनिटांत. पण बुडताना शेपटी पाण्याबाहेर उभी आली तर तो खोल गेला, आता जरा जास्त वेळ थांबा. पाठीवर पंखच नसलेलं, फुगवलेल्या ट्यूबसारखं काही क्षणभर दिसलं तर तो बिनपंखी पॉरपॉइज, डॉल्फिनचा भाऊबंद. तो होडीला फार बुजतो. तो दिसला तर तुम्ही नशीबवान, आणि त्याच्याकडे होडी अजिबात वळवू नका.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. ती बरोबर आहे, आणि तिच्या प्रश्नाला चांगलं उत्तर देता येतं. डॉल्फिन दिसल्यावर तांडेलाला सांगायचं की इंजिन हळू करा, माणूस भरभर चालतो साधारण तेवढ्याच वेगाने पुढे जाऊ. जायचं ते बाजूने, त्यांच्या वाटेला समांतर. समोरून आडवं नाही, मागून पाठलाग नाही, कळपाच्या मधून तर कधीच नाही. 50 मीटरवर थांबायचं. 50 मीटर म्हणजे किती हे पाण्यावर कळत नाही, म्हणून एक माप सांगतो. क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या, एकापुढे एक. तिथे गिअर न्यूट्रलला. इंजिन पूर्ण बंद करा असं काही ठिकाणी सांगतात, पण खडकांजवळ बंद होडी वाहत जाते आणि चटकन सुरू झाली नाही तर पंचाईत. शिवाय मंद चालू इंजिनामुळे डॉल्फिनला होडी कुठे आहे ते कळतं. मग ते स्वतःहून जवळ आले तर येऊ द्या, होडी तशीच ठेवा. तिथे आधीच दोन होड्या असतील तर आपण लांबच थांबायचं, त्या निघाल्या की आपली पाळी.

हे अंतर का? डॉल्फिन पाण्यात आवाजाने बघतो. स्वतः टकटक आवाज काढतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे, खडक कुठे, पिल्लू कुठे ते ओळखतो. जोरात फिरणारा पंखा त्या सगळ्यावर आवाजाचा पडदा टाकतो. एका होडीचा त्रास थोडा वेळ टिकतो. दिवसभर होड्या आळीपाळीने येत राहिल्या तर त्यांचं खाणं, पिल्लाला पाजणं आणि विसावणं, सगळंच तुटत जातं.

त्यांना त्रास होतोय हे ओळखता येतं, आणि हे काम मुलीकडेच द्या. तिच्या हातात घड्याळ आणि वही द्या. डॉल्फिन बुडाला की किती सेकंदांनी वर आला ते तिने लिहायचं. 40, 50, 45 असे आकडे येत असतील तर सगळं ठीक. तेच आकडे 90, 120, 150 असे वाढत गेले, किंवा ते वारंवार दिशा बदलायला लागले, एकमेकांना चिकटून पोहायला लागले, पिल्लाला मध्ये घेतलं, शेपटी पाण्यावर आपटली, तर निघायचं. काही बिघडलं नसलं तरी 15 मिनिटांनी निघायचं. हे आधीच तांडेलाशी ठरवा आणि सांगा की आमची मुलगी वेळ बघणार आहे. पाण्यात खायला टाकणं, शिट्ट्या, टाळ्या, मोठ्याने गाणी हे अर्थातच नको. 1972 च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहे, वाघासारखाच. होडीवाल्याला कायदा ऐकवून त्याचा पाणउतारा करायची मात्र गरज नाही. «दादा, आम्हाला घाई नाही, लांबूनच बघू» एवढं पुरतं. त्यालाही डिझेल वाचलेलं हवंच असतं.

आता शक्यतेचा हिशेब. एका सकाळी दिसण्याची शक्यता दहात सहा आहे असं नुसतं समजायला धरू. म्हणजे न दिसण्याची दहात चार. दोन वेगवेगळ्या सकाळी गेलात तर दोन्ही वेळा हुकण्याची शक्यता चारला चारने गुणून शंभरात सोळा. म्हणजे शंभरात चौऱ्याऐंशी वेळा एकदा तरी दिसतील. गॅरंटीवाल्याने पाठलाग करून जे वाढवलं असतं ते तुम्ही फक्त एक सकाळ जास्त ठेवून मिळवलं. एकाच सकाळी चार तास फिरण्याने एवढा फायदा होत नाही, कारण दोन तासांनी वारा सुटतो आणि बायकोचं पोटही.

म्हणून तुमच्यासाठी असा बेत मांडतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी आरामात निघून आंबोलीमार्गे दुपारपर्यंत मालवण. मंगळवारी सकाळी सगळ्यांनी, आईंसकट, निवतीवरून बघायचं. पाठी कुठल्या बाजूला दिसतात ते लिहून ठेवा आणि संध्याकाळी होडीवाल्याला सांगा. बुधवारी पावणेसातला होडी, आई किनाऱ्यावर. गुरुवारची सकाळ राखीव ठेवा. बुधवारी वारा असेल तर फेरी गुरुवारी करा, बुधवारी दिसले नाहीत तर पुन्हा जा, आणि बुधवारी मनासारखं बघून झालं असेल तर गुरुवारी सिंधुदुर्ग किल्ला बघून घाट चढा. होडीवाल्याशी बोलताना गुरुवारचंही आधीच बोलून ठेवा. वाऱ्यामुळे दिवस बदलला तर पैसे पुढच्या सकाळला धरायचे, हे आगाऊ रक्कम देण्याआधी ठरवून घ्या.

आणि मुलीला हे पत्र वाचायला द्या. घड्याळाचं काम तिला पटलं तर तिची वही मी तिच्याकडून आनंदाने मागून घेईन. प्रत्येक बुडीची वेळ, किती होड्या होत्या, वारा कसा होता, एवढं तिने लिहावं.